ओठाला मुंग्या येतात, त्याच वेळी औषध घ्यायचं असतं

वाचकाचं पत्र

डॉक्टर, मी ३४ वर्षांची आहे, मुलुंडला राहते, नोकरी फोर्टला. वर्षातून पाच-सहा वेळा माझ्या खालच्या ओठाच्या उजव्या कडेला पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका उठतो. आदल्या दिवशी तिथे मुंग्या येतात. गेल्या मे महिन्यात एक रविवार काशीदच्या किनाऱ्यावर घालवला. मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना मुंग्या सुरू झाल्या, बुधवारी सकाळी फोड, आणि पुढचे दहा दिवस मी तोंड लपवत फिरले. केमिस्टने दिलेल्या मलमाने काहीच फरक पडत नाही. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, म्हणून दोन वर्षं आंबा आणि अंडी बंद केली आहेत. मिस्टरांनी मोबाईलवर 'हर्पिस' वाचलं आणि "हे तुला कुठून आलं?" असं विचारलं. तेव्हापासून घरात बोलणं कमी झालंय. रक्ततपासणीही पॉझिटिव्ह आली. महिनाअखेरीस धाकट्या बहिणीच्या बाळाचं बारसं आहे, जायची भीती वाटते. हे मुळापासून काढणारं औषध कोणतं?

उत्तर

आधी मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते मिळालं की बाकीचं ऐकायला तुम्हाला थोडी उसंत मिळेल. आणि हा भाग तुम्ही दोघांनी एकत्र वाचावा असं मला वाटतं.

तुमच्या ओठावर जे येतं ते हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूच्या पहिल्या प्रकारामुळे येतं, असं तुम्ही केलेल्या वर्णनावरून जवळजवळ नक्की वाटतं. एकच जागा, आधी मुंग्या, मग पुंजक्याने येणारे फोड, हे त्याचं ठरलेलं रूप आहे. हा विषाणू बहुतेकांना लहानपणी मिळतो. मामा, आत्या, आजी, शेजारच्या काकू, कुणीतरी बाळाचा पापा घेतं आणि लाळेतून तो आत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये, म्हणजे शंभरातल्या ६४ जणांमध्ये तो होता. पहिल्यांदा शिरतो तेव्हा कित्येक मुलांना काहीच होत नाही. काहींना ताप येतो, हिरड्या सुजतात, तोंडभर फोड येतात, आणि घरचे 'तोंड आलं होतं' एवढंच लक्षात ठेवतात. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी त्याच माणसाच्या ओठावर पहिल्यांदा फोड दिसू शकतो.

म्हणजे आज दिसणारा फोड हा आजचा संसर्ग नाही. तो कधी झाला आणि कुणाकडून आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. तुम्ही केलेली रक्ततपासणीसुद्धा नाही. तिच्यात विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दिसतात आणि ती आयुष्यभर राहतात. मिस्टरांनी स्वतःची तपासणी करून घेतली तर तीही पॉझिटिव्ह येण्याची शक्यता बरीच आहे, ओठावर कधी एकही फोड आला नसला तरी. ओठावरच्या फोडांसाठी ही तपासणी मी सहसा करायला सांगतच नाही. निदानाविषयी शंका असेल तर ताज्या फोडातलं पाणी काडीवर घेऊन पीसीआर तपासणी करता येते. तिचा खरा उपयोग होतो. नवऱ्याबायकोच्या विश्वासाचा निवाडा मात्र यातल्या कुठल्याच कागदावरून होत नाही, आणि तो तसा करूही नये.

आता 'मुळापासून' या शब्दाकडे वळते. तुम्ही असं धरून चालला आहात की प्रत्येक वेळी फोड बरा होतो तेव्हा विषाणू जातो आणि पुढच्या वेळी नव्याने येतो, किंवा तो ओठातच कुठेतरी दडून बसतो. दोन्ही खरं नाही. दोन फोडांच्या मधल्या काळात तुमच्या ओठाच्या कातडीत त्याचं घर नसतं.

चेहऱ्याला स्पर्श, वेदना, गरम-थंड जाणवतं ते ट्रायजेमिनल नावाच्या मज्जातंतूमुळे. उजव्या बाजूला एक आणि डाव्या बाजूला एक. या तंतूच्या पेशी कवटीच्या तळाशी, साधारण कानाच्या पुढच्या रेषेत पण खूप आत, एका छोट्या गाठीसारख्या गुच्छात असतात. पहिल्या संसर्गाच्या वेळी विषाणू ओठाच्या कातडीतून या तंतूच्या टोकात शिरतो, तंतूच्या आतून वर चढत त्या गुच्छापर्यंत जातो आणि तिथल्या काही पेशींच्या केंद्रकात मुक्काम ठोकतो. तिथे त्याचा डीएनए एका कड्यासारखा पडून राहतो. तो आपल्या गुणसूत्रांत मिसळत नाही, फक्त शेजारी राहतो. त्याची जवळजवळ सगळी जनुकं बंद असतात. नवे विषाणू बनत नाहीत, पेशीला इजा होत नाही, आणि शरीराच्या पहारेकरी पेशींना पकडायला जवळजवळ काही हातीच लागत नाही.

हे कळायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चेहऱ्याच्या असह्य कळांवर उपाय म्हणून शल्यचिकित्सक या मज्जागुच्छावर शस्त्रक्रिया करत. त्यानंतर काही रुग्णांच्या ओठावर असेच फोड उठत. ओठाला हातही न लावता फोड आले, याचा अर्थ विषाणू वर गुच्छात असणार, असा तर्क अर्नेस्ट गुडपाश्चर या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९२९ साली मांडला. मृत व्यक्तींच्या ट्रायजेमिनल गुच्छांतून प्रत्यक्ष विषाणू मिळवून दाखवायला १९७२ उजाडलं.

आता औषधाचं पाहा. असायक्लोविर आणि त्याच्या कुळातली औषधं विषाणूला नवा डीएनए बनवू देत नाहीत. पण गंमत अशी की हे औषध जागं होण्यासाठी विषाणूचंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं, आणि ते विकर विषाणू वाढत असतानाच तयार होतं. झोपलेला विषाणू ना विकर बनवतो, ना डीएनएच्या प्रती काढतो. म्हणून त्याच्यावर औषध चालत नाही. त्याला गुच्छातून हुसकावून लावणारं औषध आज उपलब्ध नाही. कुणी आयुर्वेदाच्या, होमिओपथीच्या किंवा ॲलोपथीच्या नावावर 'कायमचा बंदोबस्त' विकत असेल तर पैसे देऊ नका.

हे ऐकून तुम्ही खट्टू व्हाल, पण याच माहितीतून तुमचा खरा उपाय निघतो. त्यासाठी काशीदचा तो आठवडा आपण परत एकदा, ओठाच्या आतून पाहू.

रविवारी दिवसभर तुमच्या खालच्या ओठावर मे महिन्याचं ऊन पडलं. खालचा ओठ पुढे आलेला असतो, त्याच्या कातडीत रंगद्रव्य कमी, आणि समुद्राचं पाणी व वाळू ऊन परत वर फेकतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी ओठाच्या पेशींना इजा झाली, तिथली प्रतिकारशक्ती काही दिवसांसाठी मंदावली, आणि त्या भागातल्या मज्जातंतूवरही ताण आला. सोमवार-मंगळवारच्या दरम्यान वर गुच्छातल्या मोजक्या पेशींमध्ये विषाणूची जनुकं चालू झाली. तयार झालेले नवे विषाणू तंतूच्या आतून खाली उतरायला लागले. कारशेडमधून निघालेली लोकल जशी रूळ सोडून भलत्याच स्टेशनात जात नाही, तसा हाही ज्या शाखेतून वर गेला तिच्यातूनच खाली येतो. म्हणून तुमचा फोड दर वेळी त्याच उजव्या कडेला.

मंगळवारी संध्याकाळी तुम्हाला मुंग्या आल्या तेव्हा विषाणू तंतूच्या टोकाशी आणि कातडीच्या पहिल्या काही पेशींत पोचले होते. बाहेर काही दिसत नव्हतं, पण आत प्रती निघण्याचं काम जोरात सुरू झालं होतं. औषधाला जे थांबवता येतं ते नेमकं हेच काम, आणि त्यासाठीची वेळ हीच. बुधवारी सकाळी फोडांत पाणी भरलं तोवर विषाणूंची संख्या शिखराजवळ पोचली होती. फोड फुटून चट्टा उघडा पडला आणि त्यावर खपली धरली, हे पुढचे आठ-नऊ दिवस बहुतांशी जखम भरण्याचे होते. त्या काळात विषाणूविरोधी औषध कितीही लावलं तरी त्याला करण्यासारखं थोडंच उरतं. तुमच्या मलमाने फरक पडला नाही त्यामागे हे एक कारण आहे.

दुसरं कारण मलमातच असू शकतं. घरी गेल्यावर त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. 'असायक्लोविर ५ टक्के' असं लिहिलं असेल तर ते बरोबर औषध आहे. ते मुंग्या येताच सुरू करून दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस लावायचं असतं. पण मलम कातडीत फारसं खोल उतरत नाही, त्यामुळे वेळेवर लावूनही फायदा बेताचाच. आणि जर ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं काही दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे. आपल्याकडे स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेल्या ट्यूबा गजकर्णापासून मुरुमांपर्यंत कशालाही सर्रास दिल्या जातात. हर्पिसच्या फोडावर नुसतं स्टेरॉइड लावलं की आधी लाली कमी दिसते, आणि आत विषाणूला मोकळं रान मिळतं. ती ट्यूब ताबडतोब बंद करा. टूथपेस्ट आणि चुनासुद्धा नको. त्याने फोड सुकल्यासारखा वाटतो, पण कातडी भाजते आणि जखम लांबते.

तर माझा सल्ला असा. फोड येण्याची वाट न पाहता, आत्ता ओठ बरा असतानाच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि गोळ्यांची चिठ्ठी आधी लिहून घ्या. तुमच्यासारख्या निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी सर्वांत सुटसुटीत पद्धत म्हणजे व्हॅलासायक्लोविर २ ग्रॅम मुंग्या येताच, आणि पुन्हा २ ग्रॅम बारा तासांनी. बस्स, एका दिवसाचा कोर्स. एक ग्रॅमच्या गोळ्या मिळतात, म्हणजे दोन आणि दोन, एकूण चार. काशीदच्या वेळी या गोळ्या पर्समध्ये असत्या तर मंगळवारी साडेसहाला ऑफिसातल्या पाण्याच्या बाटलीबरोबर पहिल्या दोन घेता आल्या असत्या, आणि उरलेल्या दोन बुधवारी सकाळी साडेसहाला, लोकल पकडण्याआधी. घरी पोचून, स्वयंपाक आटोपून, जेवणानंतर घेऊ असं म्हणाल तर हातातले मोलाचे चार तास जातात. म्हणून गोळ्या घरच्या कपाटात न ठेवता पर्समध्ये ठेवा, आणि मुदत संपण्याची तारीख अधूनमधून पाहत जा.

यातून किती मिळेल तेही स्पष्ट सांगते. वेळेवर गोळ्या घेतल्या तर दुखणं सरासरी एखाद्या दिवसाने कमी होतं. काही वेळा फोड उठतच नाही, मुंग्यांवरच भागतं. काही वेळा गोळ्या घेऊनही उठतो, पण छोटा असतो. आणि एखाद्या वेळी मुंग्या झोपेत येऊन जातात, सकाळी थेट फोडच दिसतो. तेव्हा पहिल्या दिवशी घेतलेल्या गोळ्यांचाही थोडा उपयोग होतो, तिसऱ्या दिवशी घेतलेल्यांचा जवळजवळ नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा डोस चालत नाही, कमी करावा लागतो. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा. म्हणूनच ही चिठ्ठी तुमच्या नावाची हवी. शेजारणीच्या गोळ्या उसन्या घेऊ नका.

वर्षाला पाच-सहा वेळा म्हणजे तुम्ही अगदी सीमेवर आहात. सहा किंवा जास्त वेळा होत असेल, किंवा प्रत्येक वेळी फार मोठा चट्टा पडत असेल, तर रोज एक छोटा डोस काही महिने घेण्याचा पर्याय असतो, उदाहरणार्थ व्हॅलासायक्लोविर ५०० मिलिग्रॅम रोज एकदा. त्याने फोड येण्याचं प्रमाण कमी होतं, पण गोळी थांबवली की विषाणू पुन्हा जुन्या सवयीवर येऊ शकतो. मी तुमच्या जागी असते तर आधी सहा महिने पर्समधल्या चार गोळ्यांचा प्रयोग केला असता, आणि कधी, कशानंतर फोड आला याची नोंद मोबाईलमध्ये ठेवली असती. त्या नोंदीवरून पुढचा निर्णय सोपा होतो.

ती नोंद ठेवताना आंब्याचाही निकाल लागेल. आंबा किंवा अंडं खाल्ल्याने हा विषाणू जागा होतो याला आधार नाही. सासूबाईंचं निरीक्षण मात्र मी मोडीत काढणार नाही. आंबा आणि फोड एकाच वेळी येतात हे त्यांनी बरोबर पाहिलं आहे. फक्त आंबा एप्रिल-मेमध्ये येतो आणि कडक ऊनही तेव्हाच असतं. ओठाला बाधतं ते ऊन. तेव्हा हापूस खा, आणि ओठाला एसपीएफ ३० किंवा जास्त असलेला लिप बाम लावा, बाहेर असाल तर दर दोन तासांनी, शिवाय काही खाल्ल्या-प्यायल्यावर पुन्हा. रुंद काठाची टोपी किंवा छत्रीही हवी. ताप आला की 'ताप ओठावाटे बाहेर पडला' असं जुनी माणसं म्हणतात, त्यातही तथ्य आहे, कारण ताप हा विषाणूला जागं करणारा दुसरा मोठा घटक आहे. पावसाळ्यातला व्हायरल ताप, गौरी-गणपतीतली जागरणं आणि दगदग, पाळी, दाताच्या डॉक्टरांकडे ओठ बराच वेळ ताणला जाणं, यांपैकी तुमचं कारण कोणतं ते दोन-चार वेळच्या नोंदींतून कळेल. दाताचं मोठं काम किंवा समुद्रकिनाऱ्याची सहल ठरलेली असेल तर आधीपासून गोळी सुरू करावी का, हे डॉक्टरांना विचारता येतं.

आता बारसं. इथे तुमची भीती अगदी रास्त आहे, आणि या बाबतीत मी कडक आहे. पहिल्या महिन्याभरातल्या बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते. हा विषाणू त्याच्या यकृतात आणि मेंदूत पसरू शकतो, आणि जिवावर बेतू शकतं. त्या दिवशी ओठावर मुंग्या, फोड किंवा न पडलेली खपली यातलं काहीही असेल तर बाळाला घेऊ नका. बाळ अजून महिन्याचंही नसेल तर मी म्हणेन जाऊच नका, बहिणीला फोनवर खरं कारण सांगा आणि ओठ पूर्ण बरा झाल्यावर भेटा. जावंच लागलं तर मास्क, साबणाने धुतलेले हात आणि पाळण्यापासून अंतर. ओठ स्वच्छ असेल तर खुशाल जा, बाळाला मांडीवर घ्या, नाव ठेवा, पण पापा घेऊ नका. कारण कधीकधी काहीही दिसत नसताना लाळेतून थोडा विषाणू बाहेर पडतो. हा नियम एकट्या तुमच्यासाठी नाही, बारशाला आलेल्या प्रत्येक मावशी-काकासाठी आहे. बहिणीला सांगून ठेवा, या वयाच्या बाळाला ताप आला, ते दूध ओढेना, सुस्त पडलं किंवा अंगावर पाण्याचे फोड दिसले, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यायचं.

घरात मुंग्या सुरू झाल्यापासून खपली पडेपर्यंत चुंबन नको, मुखमैथुन नको, कारण तोंडावरचा विषाणू गुप्तांगालाही लागतो. पेला, चमचा, टॉवेल, लिप बाम तेवढे दिवस वेगळे ठेवा. भांडी नेहमीसारखी साबणाने धुतली की पुरे, वेगळं ताट काढून कुणाला बाजूला बसवायची गरज नाही. फोडाला हात लागला तर लगेच धुवा, आणि तोच हात डोळ्याला लावू नका. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि घरात पडलेले थेंब घालू नका, त्यांत स्टेरॉइड असेल तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

तुमच्यासारखंच दुखणं समजून हे वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडणं, गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरा व्रण येणं, हे बहुधा हर्पिस नसतं आणि त्याला या गोळ्या लागत नाहीत. लहान मुलाच्या ओठाजवळ मधाच्या रंगाची खपली धरली असेल तर तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. आणि ओठावरची कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, किंवा रुग्ण केमोथेरपीवर, अवयवरोपणानंतरच्या औषधांवर किंवा एचआयव्हीच्या उपचारांवर असेल, तर घरगुती अंदाज न लावता डॉक्टरांना दाखवावी.